ठराव मंजूर झाला, पण किती मतांनी?

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी, असं महाराष्ट्राचा सहकार कायदा सांगतो. त्यामुळे सप्टेंबर संपत आला की गृहनिर्माण संस्थांमध्ये खुर्च्या मांडल्या जातात, विषयपत्रिका फलकावर लागते आणि सेक्रेटरी इतिवृत्ताची वही काढून बसतात. अशा वह्या मी बऱ्याच चाळल्या आहेत. बहुतेकींत ठरावाखाली एकच वाक्य असतं: ‘सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ सभेत कितीही वादावादी झालेली असो, वाक्य तेच. दोन वर्षांनी कुणी वर्गणी द्यायला नकार दिला, प्रकरण उपनिबंधकांकडे किंवा सहकार न्यायालयात गेलं, की हे वाक्य पुढे येतं आणि त्यातून काहीच सिद्ध करता येत नाही. ठराव कुणी मांडला, बाजूने किती हात वर झाले, विरोधात किती, गप्प कोण बसलं, यांपैकी एकाचंही उत्तर त्यात नसतं.

आकडे का लिहायचे, हे एका उदाहरणावरून नीट समजेल. समजा, एका संस्थेत 48 सभासद आहेत. आदर्श उपविधींप्रमाणे गणपूर्तीसाठी एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. म्हणजे इथे 20 पुरेत. हजेरीपत्रकावर 31 सह्या आहेत, तेव्हा सभा रीतसर सुरू झाली. विषयपत्रिकेवर जुनी लिफ्ट बदलण्याचा विषय आहे. समितीने तीन दरपत्रकं मागवली आहेत आणि प्रत्येक सभासदावर 40,000 रुपयांचा बोजा येणार आहे. चर्चा तासभर चालते. तेवढ्यात दोन सभासद घरी निघून जातात. अखेर हात वर करून मतदान होतं: बाजूने 13, विरोधात 10. उरलेले सहा जण हात वर करतच नाहीत.

ठराव मंजूर झाला का? याचं उत्तर कशाला किती मतांनी भागता यावर अवलंबून आहे. हजर राहून प्रत्यक्ष मत देणाऱ्यांचंच बहुमत धरलं तर मतं पडली 23. त्यांचं बहुमत म्हणजे 12, आणि बाजूने 13 आहेत, तेव्हा ठराव मंजूर. हजर असलेल्या सगळ्यांचं बहुमत धरलं तर सभागृहात 29 जण होते. बहुमताला 15 हवेत, म्हणून ठराव पडला. एकूण सभासदांचं बहुमत धरलं तर 25 लागतात आणि ठराव आसपासही पोहोचत नाही. हात तेवढेच वर गेले, माणसं तीच होती, तरी निकाल दोन प्रकारचे निघाले.

या तिन्ही पद्धती आपल्या रोजच्या व्यवहारात आहेत. संस्थेच्या साध्या ठरावाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं. उपविधी बदलायचा असेल तर हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने लागतात. पुनर्विकासाच्या बाबतीत सरकारने 2019 मध्ये जे निर्देश दिले, त्यांत एकूण सभासदांच्या 51 टक्क्यांची अट आहे. आपल्या 48 जणांच्या संस्थेत त्याचा अर्थ 25 जण असा होतो. पहिल्या दोन ठिकाणी गप्प बसणारा माणूस हिशेबातून बाहेर जातो. तिसऱ्या ठिकाणी त्याचं गप्प बसणं विरोधी मताइतकंच जड पडतं, आणि सभेला न आलेल्याचंही तसंच. म्हणून विषय हातात घेतानाच अध्यक्षांनी सांगावं की या ठरावाला अमुक बहुमत लागेल, आणि सेक्रेटरीने ते लिहून ठेवावं. मतं मोजून झाल्यावर कोणतं बहुमत धरायचं याचा वाद सुरू झाला, तर तो हरलेल्या बाजूला कधीच पटत नाही.

आता हाच लिफ्टचा ठराव वहीत कसा उतरायला हवा, ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे ठरावाचा मजकूर. ‘लिफ्टबाबत चर्चा झाली व ती बदलण्याचे ठरले’ एवढं लिहून भागत नाही, कारण वसुलीच्या वेळी पहिला प्रश्न येतो तो रकमेचा आणि दुसरा मुदतीचा. मतदानापूर्वी अध्यक्षांनी मोठ्याने वाचून दाखवलेलं वाक्य जसंच्या तसं वहीत यायला हवं: ‘इमारतीतील जुनी लिफ्ट काढून नवी बसवावी, त्यासाठी प्रत्येक सभासदाकडून 40,000 रुपये दोन समान हप्त्यांत, पहिला 30 नोव्हेंबर व दुसरा 31 जानेवारीपर्यंत, घ्यावेत आणि प्राप्त तीन दरपत्रकांतून निवड करण्याचा अधिकार व्यवस्थापक समितीला द्यावा.’ सभेने याच वाक्यावर हात वर केले. नंतर सेक्रेटरीला यापेक्षा चांगली भाषा सुचली तरी ती वहीत घालण्याचा अधिकार त्याला नाही.

मग सूचक आणि अनुमोदक. ही दोन नावं आपल्याकडे शिष्टाचार म्हणून लिहिली जातात आणि तिथेच घोटाळा होतो. सभा संपल्यावर सेक्रेटरी घरी बसून वही पूर्ण करतो आणि प्रत्येक ठरावाखाली नेहमीच्या दोघांची नावं टाकतो. अशी वही ओळखणं सोपं असतं. सलग सात ठरावांना तेच सूचक, तेच अनुमोदक असतात, आणि कधीकधी तर सूचकाची सही त्या दिवसाच्या हजेरीपत्रकावरच नसते. ही एक विसंगती सापडली की विरोधी वकील साऱ्या इतिवृत्तावरच संशय घेतो.

सूचकाचं नाव सांगतं की हा प्रस्ताव या शब्दांत सभेपुढे अमुक माणसाने ठेवला. अनुमोदकाचं नाव सांगतं की यावर बोलण्याइतका हा विषय महत्त्वाचा आहे असं आणखी किमान एका सभासदाला वाटलं. अनुमोदन दिलं म्हणजे ठरावाला पाठिंबा दिला असं होत नाही. चर्चा ऐकून अनुमोदक विरोधात हात वर करू शकतो, आणि तसं झालं तर वहीत खाडाखोड करायचं कारण नसतं. दोघेही मताचा हक्क असलेले सभासद मात्र हवेत. सहकारी संस्थेत मत स्वतः हजर राहून द्यावं लागतं, दुसऱ्यामार्फत देता येत नाही. त्यामुळे वडिलांच्या वतीने आलेला मुलगा किंवा भाडेकरू मत देऊ शकत नाही, आणि त्यांची नावं सूचक म्हणून लिहिणं चुकीचंच. एका सदनिकेत दोन नावं असतील आणि पहिल्या नावाचा सभासद हजर असेल, तर मत त्याचंच. मोजणाऱ्याने दोन्ही हात मोजले तर आकडा चुकतो, आणि 13 विरुद्ध 10 अशा मतदानात एखादा चुकीचा हातही महागात पडतो.

अनुमोदकच मिळाला नाही तर? तेही लिहायचं: ‘श्री. अमुक यांनी पार्किंगच्या फेरवाटपाचा प्रस्ताव मांडला. अनुमोदन न मिळाल्याने तो चर्चेस घेण्यात आला नाही.’ असा प्रस्ताव पडलेला नसतो, कारण त्यावर मतदानच झालेलं नसतं. पुढल्या वर्षी तोच सभासद ‘माझा विषय दाबला’ म्हणाला, तर या दोन ओळींतून कळतं की त्याला संधी मिळाली होती, पण साथ कुणाची मिळाली नव्हती.

लिफ्टच्या ठरावावर चर्चा चालू असताना एक सभासद म्हणाला की दोनऐवजी चार हप्ते करावेत. ही उपसूचना. तिला स्वतंत्र सूचक आणि अनुमोदक लागतो, आणि तिच्यावर मूळ ठरावाच्या आधी मत घ्यायचं असतं, कारण मूळ ठराव कोणत्या रूपात मताला टाकायचा हे तिच्या निकालावर ठरतं. समजा, उपसूचनेच्या बाजूने 8, विरोधात 16 आणि 5 तटस्थ अशी मतं पडली. ती फेटाळली गेली आणि मूळ ठराव होता तसा मताला आला. वहीत मात्र हा टप्पा बहुतेक वेळा गाळलेला दिसतो. फक्त अखेरचा ठराव लिहितात, आणि मग चार हप्ते मागणाऱ्या आठ जणांना वाटत राहतं की सभेने आपलं म्हणणं ऐकलंच नाही. शिवाय उपसूचना मंजूर होऊनही वहीत मूळ मजकूरच उतरल्याची उदाहरणं आहेत. मग सभेने मंजूर केलं एक आणि वसुलीची नोटीस निघाली दुसरीच, अशी अवस्था होते.

या सगळ्यानंतर लिफ्टच्या ठरावाची नोंद साधारण अशी होईल: ‘मतदानापूर्वी दोन सभासद सभेतून निघून गेले. मतदानाच्या वेळी उपस्थिती 29. हात वर करून मतदान घेण्यात आले. ठरावाच्या बाजूने 13, विरोधात 10, तटस्थ 6. उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सभासदांच्या बहुमताने ठराव मंजूर झाल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले.’ यात 13, 10 आणि 6 यांची बेरीज 29 येते. ही बेरीज जुळते की नाही हे पाहणं हीच मोजणीची खरी कसोटी. दोघे निघून गेल्याचं लिहिलं नसतं, तर 31 सह्या आणि 23 मतं यांचा मेळ घालणाऱ्याने आठ जण तटस्थ होते असं मानलं असतं. बेरीज जुळली नाही तर अध्यक्षांनी सभेतच पुन्हा मोजणी करावी. घरी बसून तटस्थांचा आकडा वजाबाकीने काढू नये.

तटस्थ आणि उठून गेलेले यांत किती अंतर असतं हे महाराष्ट्राच्या विधानसभेने दाखवून दिलं आहे. 30 नोव्हेंबर 2019 रोजी उद्धव ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर शिरगणतीने मतं मोजली गेली. बाजूने 169, विरोधात एकही नाही, तटस्थ 4. नुसते आकडे पाहिले तर सरकारला विरोध करणारं कुणी नव्हतंच असं वाटेल. प्रत्यक्षात भाजपचे आमदार मतमोजणीआधी सभात्याग करून बाहेर पडले होते. तटस्थ राहिलेल्या चार आमदारांची गणना झाली, कारण ते सभागृहात बसून होते आणि मत न देणं हेच त्यांनी निवडलं होतं. बाहेर गेलेल्यांचा विरोध मतांच्या आकड्यात येत नाही, तो सभात्यागाच्या नोंदीत येतो. पुढे 4 जुलै 2022 रोजी एकनाथ शिंदे सरकारने विश्वासदर्शक ठराव 164 विरुद्ध 99 असा जिंकला आणि तिघे तटस्थ राहिले. ही नोंद वाचणाऱ्याला त्या दिवसाचं चित्र लगेच कळतं.

याच सभागृहात 12 नोव्हेंबर 2014 रोजी देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. काँग्रेस आणि शिवसेनेने मतविभागणीची मागणी करत मोठा गदारोळ केला. आवाजी मतदान नियमात बसतं आणि रोजच्या कामकाजात त्यावाचून चालतही नाही. पण त्या दिवशी बाजूने नेमके किती, विरोधात किती आणि तटस्थ कोण, हे आकड्यांत सांगणारी नोंद झालीच नाही आणि आता होऊही शकत नाही. जिथे कुणी आकड्यांवर बोट ठेवणार हे आधीच दिसतं, तिथे आवाजावर निकाल देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. सोसायटीच्या सभेत तर 29 हात मोजायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

मतं समसमान पडली तर सहकारी संस्थेत अध्यक्षांना निर्णायक मत असतं. विधानसभेचे अध्यक्ष एरवी मतच देत नाहीत, बरोबरी झाली तरच देतात. संस्थेचे अध्यक्ष मात्र सभासदही असतात आणि त्यांचं सभासद म्हणून एक मत असतंच. त्यामुळे नोंदीत दोन्ही वेगळी दिसली पाहिजेत: ‘बाजूने 12 (अध्यक्षांच्या सभासद म्हणून दिलेल्या मतासह), विरोधात 12. मते समान पडल्याने अध्यक्षांनी आपले निर्णायक मत ठरावाच्या बाजूने दिले. ठराव मंजूर.’ नुसतं ‘13 विरुद्ध 12’ लिहिलं तर अध्यक्षांचं पहिलं मत आधीच्या बारांत होतं की नव्हतं हे कुणालाच सांगता येत नाही.

‘सर्वानुमते’ हा शेरा फार काटकसरीने वापरायला हवा. हजर असलेल्या प्रत्येकाने बाजूने हात वर केला असेल तरच तो लिहावा. कुणी विरोध केला नाही पण तिघे तटस्थ राहिले, तर ‘बाजूने 26, विरोधात शून्य, तटस्थ 3’ असं लिहावं. तटस्थ राहिलेल्याला नंतर कुणी म्हणालं की तुम्हीही संमती दिली होती, तर त्याच्यावर अन्याय होतो. समितीच्या बैठकीत याचं महत्त्व आणखी वाढतं. तिथल्या निर्णयांना समितीचे सगळे सदस्य सामायिकपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार धरले जातात. एखाद्या ठेकेदाराला आगाऊ रक्कम द्यायला कुणाचा विरोध असेल, तर त्याने आपला विरोध नावानिशी लिहून घ्यावा आणि इतिवृत्त फिरवलं जाईल तेव्हा तो त्यात आला आहे का हे पाहावं. कंपनी कायद्यात तर संचालक मंडळाच्या ठरावाशी असहमत असलेल्या संचालकांची नावं लिहिणं बंधनकारकच आहे. कंपनीच्या सर्वसाधारण सभेसाठी कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेने जी मानकं घालून दिली आहेत, त्यांतही सूचक, अनुमोदक आणि ठराव किती बहुमताने मंजूर झाला हे लिहायला सांगितलं आहे. गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरीने ती मानकं एकदा वाचावीत, भलेही ती त्याच्यावर बंधनकारक नसोत.

पडलेले ठराव लिहायचा आपल्याकडे कंटाळा केला जातो. ‘विषय रद्द’ एवढ्यावर भागवतात. पण ठराव सूचकाने मागे घेतला, पुढल्या सभेवर ढकलला, की मतदानात फेटाळला गेला, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचे परिणाम निरनिराळे आहेत. फेटाळलेल्या ठरावाचाही पूर्ण मजकूर आणि मतं लिहावीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ठराव फेटाळला म्हणजे त्याच्या उलट ठराव मंजूर झाला असं होत नाही. लिफ्टचा ठराव पडला असता, तर संस्थेने लिफ्ट कधीच बदलायची नाही असं ठरवलं, असा त्याचा अर्थ लावता आला नसता. सभेने या रकमेला आणि या हप्त्यांना मान्यता दिली नाही, एवढंच त्यातून निघालं असतं. ‘लिफ्ट न बदलण्याचे ठरले’ असं लिहिणारा सेक्रेटरी सभेच्या तोंडी तिने न घेतलेला निर्णय घालतो. मंजूर झालेल्या ठरावाला मात्र एक संरक्षण असतं. आदर्श उपविधींनुसार तो मंजूर झाल्यापासून सहा महिने उलटेपर्यंत सर्वसाधारण सभेत तो रद्द करण्याचा ठराव आणता येत नाही. म्हणून ठरावावर तारीख आणि क्रमांक हवाच, नाहीतर सहा महिने कधीपासून मोजायचे हेच कळत नाही.

इतिवृत्ताचा मसुदा सभासदांकडे आला की बहुतेक जण तो बाजूला ठेवतात. वाचणाऱ्याने आधी उपस्थितीचा आकडा आणि मतांची बेरीज पाहावी, मग आपण मांडलेल्या प्रस्तावाचे शब्द. चूक असेल तर ती सेक्रेटरीला लेखी कळवावी आणि आपल्या पत्राची पोच घ्यावी. ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ हा विषय पुढच्या सभेत येतो, तेव्हा तपासायचं असतं ते फक्त नोंद खरी आहे का. 10 जणांनी लिफ्टला विरोध केला होता आणि ते या सभेला मोठ्या संख्येने आले, म्हणून इतिवृत्त नामंजूर करून ठराव उलटवता येत नाही. आणि नोंद खरंच चुकली असेल, उदाहरणार्थ 13 च्या जागी 18 लिहिले गेले असतील, तर जुन्या पानावर पांढरा रंग फासून आकडा बदलू नये. या सभेच्या इतिवृत्तात दुरुस्तीचा मजकूर लिहावा, जुन्या पानावर चुकलेला आकडा वाचता येईल असा एका रेषेने खोडावा, शेजारी बरोबर आकडा आणि दुरुस्तीच्या ठरावाचा क्रमांक घालावा, आणि अध्यक्षांनी तिथे तारखेसह सही करावी. लिफ्टच्या कर्जासाठी बँकेने ठरावाची नक्कल मागितली, तर तिला याच दोन पानांची प्रत जोडून द्यावी.